बोर्डावर दोनदा आलेला पंचवीस नंबर: शून्ये मागे सारताना वीज गेली तेव्हा

लातूरच्या मोंढ्यातील एका आडत दुकानासाठी माझ्या एका विद्यार्थ्याने आणि मी मिळून क्रमांक दाखवणारा एक बोर्ड तयार केला होता. सोयाबीनच्या हंगामात दुकानासमोर शेतकऱ्यांचे ढीग पडतात, सौदा होतो आणि ज्या क्रमाने सौदा झाला त्याच क्रमाने ढीग काट्यावर चढावेत अशी तिथली रीत आहे. शेतकऱ्याला सकाळी आल्यावर टोकन मिळते, पण सौदा टोकनच्या क्रमाने होत नाही, कारण खरेदीदार ज्या बाजूने फिरत येतील त्या बाजूचे ढीग आधी विकले जातात. त्यामुळे काट्याची रांग १८, मग ४२, मग ७ अशी वरवर पाहता विस्कळीत दिसते. प्रत्यक्षात ती विस्कळीत नसते, आणि तिच्यात एक जागा जरी इकडची तिकडे झाली तरी दुकानासमोर भांडण ठरलेले असते.

बोर्डाच्या आत एक आर्डुइनो उनो आहे. सौदा होईल तसे टोकन क्रमांक एका अ‍ॅरेमध्ये एकामागून एक लिहिले जातात. ढिगाचे वजन झाले की मापाडी कीपॅडवर त्याचा क्रमांक दाबतो आणि त्या खान्यात शून्य पडते. बोर्डाला पाच ओळी आहेत आणि त्यांवर अ‍ॅरेतील पहिले पाच क्रमांक दिसतात, म्हणून शून्ये शेवटी जाणे आणि उरलेले क्रमांक आपापसातील क्रम न मोडता पुढे सरकणे आवश्यक ठरते. प्रोग्रामिंगच्या पहिल्या वर्षात हा प्रश्न सराव म्हणून सगळेच सोडवतात. इथे तो सरावाचा राहिला नाही, कारण वीज गेली तरी रांग टिकावी म्हणून तो अ‍ॅरे आम्ही रॅममध्ये न ठेवता ईईप्रॉममध्ये ठेवला होता.

आता बिघाडाकडे येतो. दिवाळीनंतरच्या एका दुपारी मुनीमजींचा फोन आला. पंचवीस नंबरचे वजन होऊन पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडली होती, तरी बोर्ड पुन्हा पंचवीस नंबरच बोलावत होता. मी पोहोचलो तेव्हा मापाडी म्हणाले, "सर, पंचवीसचा ढीग एकच हाय, मग बोर्डावर दोनदा कशानं आला?" मी आधी मापाड्यांनी किंवा सौदा लिहिणाऱ्याने क्रमांक दोनदा दाबला असेल असे धरून चाललो आणि त्यात अर्धा तास गेला. वास्तविक दोनदा दाबलेला क्रमांक प्रोग्राम स्वीकारतच नव्हता, आणि ते मीच लिहिलेले होते. शेवटी हमालांच्या टोळीतील एकाने सहज सांगितले की पंचवीसच्या आधीच्या ढिगाचे वजन झाल्याबरोबर लाईट गेली होती आणि दहा मिनिटांनी आली. धागा तिथे सापडला.

त्या दिवशीच्या यादीत १८० नोंदी होत्या. इथे मी दहा खान्यांचे उदाहरण घेतो आणि त्यात पंचवीस हा क्रमांक मुद्दाम तोच ठेवतो. खाने ० ते ९ असे मोजले आहेत आणि सुरुवातीची स्थिती अशी आहे: १८, ०, ४२, ७, ०, ०, २५, ११, ०, ३०. हवी असलेली स्थिती आहे: १८, ४२, ७, २५, ११, ३०, ०, ०, ०, ०.

विद्यार्थ्याने लिहिलेली सर्वांत पहिली आवृत्ती शून्य दिसताच त्याच्या नंतरचे सगळे खाने एकेक घर सुरुवातीकडे ओढत होती आणि शेवटच्या खान्यात शून्य टाकत होती. ती बहुतेक वेळा बरोबर चालायची, म्हणूनच ती फसवी होती. दोन शून्ये शेजारीशेजारी आली की पहिल्याच्या जागी दुसरे सरकून येते, पण लूप तोवर पुढच्या खान्यावर गेलेला असतो आणि ते दुसरे शून्य तपासायचे राहून जाते. वरच्या उदाहरणात ४ आणि ५ या खान्यांत तसेच आहे, आणि ती आवृत्ती चालवली तर उत्तर येते १८, ४२, ७, ०, २५, ११, ३०, ०, ०, ०. बोर्डाच्या चौथ्या ओळीत रिकामी जागा दिसली की समजायचे की हीच चूक आहे. दोन टोळ्यांनी शेजारचे दोन ढीग एकदम उरकले की ती उमटायची. त्यावर विद्यार्थ्याने शून्य सापडल्यास लूपचा आकडा एकने कमी करण्याचा उपाय केला, तेव्हा बोर्ड जागच्या जागी अडकला, कारण शेवटी फक्त शून्येच उरल्यावर आकडा कमी होत राहतो आणि लूप संपतच नाही. क्रमांक लावून घेण्यासाठी सॉर्ट वापरणे किंवा शून्याच्या जागी शेवटचा क्रमांक आणून बसवणे हे दोन्ही मार्ग आम्ही करूनही पाहिले नाहीत, कारण दोन्हींत सौद्याचा क्रम मोडतो.

त्यानंतर मी लिहिलेली आवृत्ती, जी हंगामभर बोर्डात होती, ती अशी:

```cpp
int w = 0;
for (int i = 0; i < n; i++) {
  byte t = EEPROM.read(i);
  if (t != 0) EEPROM.update(w++, t);
}
while (w < n) EEPROM.update(w++, 0);
```

यात `i` हा वाचणारा हात आहे आणि `w` हा लिहिणारा. वाचणारा प्रत्येक खान्यावरून जातो, लिहिणारा मात्र शून्य नसलेला क्रमांक मिळाल्यावरच एक घर पुढे सरकतो, त्यामुळे `w` कधीही `i` च्या पुढे जाऊ शकत नाही. ज्या खान्यावर आपण लिहितो तो आधीच वाचून झालेला असतो आणि त्यातील क्रमांक, असल्यास, आधीच रांगेच्या सुरुवातीच्या बाजूला नोंदलेला असतो. क्रमांक ज्या क्रमाने वाचले त्याच क्रमाने लिहिले जातात, म्हणून क्रम टिकतो. शेवटची ओळ विसरली तर शेपटीत जुने क्रमांक तसेच राहतात आणि उत्तर १८, ४२, ७, २५, ११, ३०, २५, ११, ०, ३० असे दिसते.

लिहिण्यासाठी `EEPROM.write` न वापरता `EEPROM.update` वापरण्याचे कारण असे की दुसरे फंक्शन खान्यात तोच आकडा आधीपासून असेल तर लिहीतच नाही. ईईप्रॉममध्ये एक बाइट लिहायला सुमारे ३.३ मिलिसेकंद लागतात आणि या चिपच्या ईईप्रॉमचा प्रत्येक खाना साधारण १,००,००० वेळा लिहिण्यापुरता टिकेल असे उत्पादक सांगतो, त्यामुळे अनावश्यक लेखन टाळणे हा इथे नुसता नीटनेटकेपणा नव्हता. वरच्या पद्धतीत प्रत्येक खान्यावर जास्तीत जास्त एकदाच आणि थेट अंतिम आकडाच लिहिला जातो. ज्या खान्याचा आकडा बदलायचाच आहे त्यावर कोणत्याही पद्धतीला किमान एकदा लिहावे लागणारच, म्हणजे लेखनांची संख्या याहून कमी करता येत नाही. उदाहरणात ० आणि ८ हे दोन खाने आधीपासून बरोबर आहेत, म्हणून आठ लेखने होतात. याच हिशोबावर खूश होऊन मी ही पद्धत निवडली होती आणि मधल्या स्थितींचा विचारच केला नव्हता.

ही आठ लेखने एकाच क्षणी होत नाहीत. तिसरे लेखन झाले आणि वीज गेली असे धरा. पहिल्या लेखनात १ क्रमांकाच्या खान्यात ४२ आले, दुसऱ्यात २ मध्ये ७ आले, तिसऱ्यात ३ मध्ये २५ आले. त्या घटकेला ईईप्रॉममध्ये आहे: १८, ४२, ७, २५, ०, ०, २५, ११, ०, ३०. पंचवीस आपल्या नव्या जागी पोहोचला आहे, पण जुन्या जागेवरून अजून पुसला गेलेला नाही. वीज परत येताच प्रोग्राम सुरू होतो आणि सवयीप्रमाणे शून्ये मागे सारतो, तेव्हा यादी होते १८, ४२, ७, २५, २५, ११, ३०, ०, ०, ०. पाहणाऱ्याला ती अगदी व्यवस्थित वाटते. पुढे मापाडी २५ दाबतो, प्रोग्राम पहिला २५ शोधून शून्य करतो, आणि दुसरा, ज्याच्यामागे कोणताच ढीग नाही, तो आपली पाळी आली म्हणून उभा राहतो. मुनीमजींनी पाहिले ते हेच होते.

हे केवळ तर्काने मांडून मला पुरेसे वाटले नाही, म्हणून घरी आल्यावर पडताळले. हाताने प्लग ओढून पंचवीस-तीस मिलिसेकंदांची ती फट साधणे अवघड असते. त्याऐवजी मी लेखने मोजणारा एक आकडा ठेवला, ठरावीक लेखनानंतर फंक्शनमधून `return` केले, आणि १ ते ७ या प्रत्येक ठिकाणी तोडून अ‍ॅरे सीरियल मॉनिटरवर छापून पाहिला. सातही ठिकाणी किमान एक क्रमांक दुहेरी निघाला आणि पाचव्या लेखनानंतर तोडले तेव्हा तर २५, ११ आणि ३० असे तीन क्रमांक दुहेरी होते. एकही क्रमांक मात्र कधी हरवला नाही, आणि ते स्वाभाविक आहे, कारण या पद्धतीत क्रमांक पुढे नोंदल्याशिवाय त्याच्या मूळ जागेवर दुसरे काही येत नाही.

एवढ्या बारीक फटीत वीज नेमकी कशी सापडली, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला आणि तो योग्य होता. १८० नोंदींमध्ये अगदी पहिल्या ढिगाचे वजन झाले तर सगळी रांग एक घर सरकते, म्हणजे १८० लेखने आणि सुमारे ०.६ सेकंद. दिवस सरेल तशी रांग आखूड होते, म्हणून सरासरी ०.३ सेकंद धरले, तरी दिवसातील १८० वजनांचे मिळून ५४ सेकंद होतात. आठ तासांच्या कामात जवळजवळ एक मिनिट यादी अर्धवट अवस्थेत असते, आणि आमच्याकडे वीज दिवसातून एकदाच जाते असे नाही. एका हंगामात एकदा हे घडले, यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

यावर विद्यार्थ्याने सुचवलेला उपाय म्हणजे अदलाबदल. शून्य नसलेला क्रमांक मिळाला की तो `w` या खान्यातील शून्याशी बदलायचा. आधी क्रमांक पुढे लिहायचा आणि मगच मागच्या जागी शून्य लिहायचे. हा क्रम उलटा केला आणि मध्येच वीज गेली तर क्रमांक कायमचा हरवतो, म्हणजे एखाद्या शेतकऱ्याचा ढीग रांगेतून नाहीसाच होतो, आणि ते दुहेरी क्रमांकापेक्षा फार वाईट आहे. योग्य क्रमाने केलेल्या अदलाबदलीत दोन अदलाबदलींच्या मधली प्रत्येक स्थिती निर्दोष असते, आणि एका अदलाबदलीच्या आत वीज गेली तरी जास्तीत जास्त एकच क्रमांक दुहेरी राहतो. किंमत लेखनांत मोजावी लागते. उदाहरणात पाच अदलाबदली म्हणजे दहा लेखने होतात, आणि १८० नोंदींच्या रांगेत पहिलेच शून्य असेल तर १७९ अदलाबदली म्हणजे ३५८ लेखने, सुमारे १.२ सेकंद. धोक्याची तीव्रता कमी होते, पण लेखनाचा काळ दुप्पट होतो.

दुहेरी क्रमांक शोधून दुरुस्त करण्याचा मार्गही होता. टोकन क्रमांक एका दिवसात एकदाच दिला जातो, म्हणून यादीत तोच क्रमांक दोनदा दिसला तर मागचा खोटा आणि पुढचा खरा, हे दोन्ही पद्धतींत निश्चितपणे सांगता येते. सुरू होताना मागच्या प्रती शून्य करून मग सरकवले, तर अर्धवट राहिलेले काम बरोबर पूर्ण होते, आणि मी वर दिलेल्या सातही स्थितींवर ते चालवून पाहिले. मात्र हा आधार टोकनच्या एकमेवपणाचा आहे. अ‍ॅरेमध्ये टोकनऐवजी उरलेल्या कट्ट्यांची संख्या असती, तर ४० कट्ट्यांचे दोन खरे ढीग असूच शकतात आणि मग खरे-खोटे ओळखायला काहीच उरले नसते.

हे सगळे कागदावर मांडत असताना लक्षात आले की ईईप्रॉममधील अ‍ॅरे जागच्या जागी सरकवण्याची अट आम्हाला कोणी घातलेलीच नव्हती. जास्तीचा अ‍ॅरे न वापरता सोडवा, हे सरावाच्या प्रश्नातले वाक्य आम्ही न विचारता उचलले होते. उनोवर २ केबी रॅम आहे, आणि टोकन एका बाइटचे असल्याने २५० नोंदींना २५० बाइट पुरतात. म्हणून आता ईईप्रॉममध्ये काहीच सरकत नाही. सौदा झाला की पुढच्या मोकळ्या खान्यात क्रमांक लिहायचा, वजन झाले की त्याच खान्यात शून्य लिहायचे, आणि बोर्डासाठी लागणारी रांग प्रत्येक वेळी रॅममध्ये नव्याने काढायची:

```cpp
byte w = 0;
for (byte i = 0; i < n; i++) {
  byte t = EEPROM.read(i);
  if (t != 0) a[w++] = t;
}
while (w < n) a[w++] = 0;
```

पद्धत तीच आहे, फक्त लिहिणारा हात दुसऱ्या जागी गेला. मध्येच वीज गेली तर रॅममधील अर्धवट रांग जाते, आणि ती जाऊ द्यावी, कारण मूळ नोंद अबाधित असते आणि सुरू होताच रांग पुन्हा काढता येते. एका वजनामागे ईईप्रॉममध्ये एकच बाइट लिहिला जातो. तो एक बाइट लिहितानाही व्होल्टेज ढासळू शकते, त्यासाठी चिपमध्ये व्होल्टेज कमी होताच तिला रीसेटमध्ये धरून ठेवणारी सोय असते. ती चालू असल्याची आम्ही खात्री करून घेतली. झिजेचा प्रश्नही यात मिटला. आधी अगदी पहिल्या खान्यावर प्रत्येक वजनाला दोनदा, म्हणजे दिवसाला ३६० वेळा लिहिले जात होते आणि त्या हिशोबाने उत्पादकाने सांगितलेली मर्यादा पावणेतीनशे दिवसांतच गाठली असती. आता तोच खाना दिवसातून दोनदा लिहिला जातो.

एक किरकोळ गोष्ट नव्या चिपवर हे चढवताना आडवी आली. कोऱ्या ईईप्रॉमच्या खान्यांत शून्य नसते, २५५ असते, आणि प्रोग्रामच्या दृष्टीने २५५ हा शून्य नसलेला क्रमांक म्हणजे खरा ढीग ठरतो. बोर्ड सुरू होताच पाचही ओळींत २५५ दिसले. आता पहिल्यांदा चालवताना सगळे खाने शून्य केले जातात आणि टोकन २५० च्या पुढे दिले जात नाही.

नवा प्रोग्राम घालून मी दुकानातच वीस वेळा प्लग ओढला, त्यातले काही मापाड्याने क्रमांक दाबता दाबता. प्रत्येक वेळी यादी कागदावरच्या यादीशी जुळली. मुनीमजींनी मग एक वेगळाच प्रश्न काढला. एखाद्या शेतकऱ्याला भाव पटला नाही म्हणून त्याचा क्रमांक रद्द केला आणि तासाभराने तो तयार झाला, तर त्याला त्याची जुनी जागा मिळेल का? मिळणार नाही, कारण शून्य लिहिताना त्या खान्यातील क्रमांकच पुसला जातो आणि नव्याने दिलेला क्रमांक रांगेच्या शेवटी लागतो. मुनीमजी क्षणभर थांबून म्हणाले, "बरोबरच आहे. मोंढ्यात बी तसंच असतंय."